रुमालातला परमप्रसाद

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पद्मजा ठाकरेनं बी.एड.ला नाव घातलं, तेव्हा जबलपुरात आधारतालच्या त्यांच्या गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. नवरा अतुल फॅक्टरीत, मुलगी इंदूरला शिकायला, घरात सासरे रत्नाकरराव आणि ती. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, "शिकू दे तिले. घरी बसून मलेच शिकवून राहिली रोज."

वर्गात तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरी होत्या आणि शिकवणारे गौरांग सर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी. पोरी तिला 'दीदी' म्हणत, सर 'पद्मजा जी' म्हणत, आणि ती सगळ्यांना डब्यातलं खाऊ घाली. एकूण बरं चाललं होतं.

मग दुसऱ्या सत्रात 'स्वयं की समझ' नावाचा पेपर आला. त्यात एक काम होतं: आपल्या धर्माचं नसलेल्या एका प्रार्थनास्थळी पहिल्यांदा जायचं, आणि आल्यावर चोवीस तासांच्या आत चिंतनशील दैनिकी, म्हणजे मनात काय आलं त्याची रोजनिशी, लिहायची. गुण वीस. सरांनी सूचनांचा कागद वाटला. आधी फोन करून परवानगी घ्या. पाहुण्यानं कुठं बसायचं, काय करायचं, काय करायचं नाही हे विचारून घ्या. फोटो काढू नका. कुणाचं नाव लिहू नका. खाली चौकटी होत्या, ते ते केलं की खूण करायची. गुणांची वाटणीही दिली होती: काय पाहिलं याला फक्त चार. काय वाटलं, जाण्याआधी मनात काय धरून बसला होता, त्याचं काय झालं आणि शिक्षक म्हणून त्यातून काय घेणार, याला उरलेले सोळा.

प्रणाली नावाची महाराजपुरची पोरगी पद्मजाच्या शेजारी बसायची. ती कागद पाहून म्हणाली, "दीदी, मैं तो घर बैठे लिख दूँगी. शांति मिली, मन प्रसन्न हुआ. और क्या?"

"मी तर जाणार," पद्मजा म्हणाली. कँटोन्मेंटच्या बाजूचं मोठं चर्च तिनं बसमधून हजारदा पाहिलं होतं. आत काय असतं हे पाहायची इच्छा होतीच, आता निमित्तही मिळालं.

फोनचं मात्र राहून गेलं. शनिवारी गॅस संपला, मग पाहुणे आले, मग तिला वाटलं, रविवारी चर्चचं दार उघडंच असतं, देवाच्या घरी जायला कुणाला काय विचारायचं? तिनं फोनच्या आणि विचारून घेण्याच्या दोन्ही चौकटींत खूण करून टाकली.

रविवारी सकाळी आठच्या हिंदी मिस्साला, म्हणजे सगळ्यांच्या प्रार्थनेला, ती पोहोचली. दारात दगडी वाटीत पाणी होतं. लोक त्यात बोटं बुडवून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावत होते. तिनं नुसता नमस्कार केला आणि शेवटून दुसऱ्या बाकावर, पदर डोक्यावरून घेऊन बसली. पुढच्या बाकांवरच्या कितीतरी बायांच्या डोक्यावरही पदर होते, काहींच्या कपाळाला टिकल्या होत्या. तिला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्या सकाळची पहिली चूक तिच्याकडून इथंच झाली, पण तेव्हा तिला ते कळलं नाही.

पुढं जे सुरू झालं ते तिला आवडलं. सगळे उभे राहिले की ती उभी राही, बसले की बसे. एका मुलीनं बायबलमधला पाठ वाचला, पेटी आणि ढोलकीवर भजन झालं, दुसरा पाठ झाला. सुसमाचार, म्हणजे येशूची कथा, वाचायच्या वेळी सगळ्यांनी अंगठ्यानं कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटासा क्रूस काढला. फादर उंच, पिकल्या दाढीचे. प्रवचनात त्यांनी दोन सख्ख्या भावांच्या कुंपणाच्या भांडणाचा दाखला दिला, तेव्हा तिला आपल्या चुलतसासऱ्यांची आठवण झाली. मग सगळे गुडघ्यांवर आले. बाकाला खाली गुडघ्यांसाठी लाकडी फळी असते हे तिला आधी कळलंच नाही, ती फरशीवर टेकली. फादरनी दोन्ही हातांनी पांढरी चकती उंच धरली, घंटी वाजली आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं सगळ्यांनी आजूबाजूला वळून हात जोडले, "शांति." शेजारच्या म्हातारीनं तिलाही हात जोडले. तिनंही जोडले.

आणि मग गाणाऱ्या पोरीनं माइकवर सांगितलं, "परमप्रसाद का गीत."

प्रसाद! पद्मजा सावरून बसली.

इथं तिच्या घरची एक रीत सांगायला हवी. रत्नाकररावांचे गुडघे गेल्या चार वर्षांपासून कामातून गेले होते. नर्मदेवर ग्वारीघाटला जाणं बंद, पायऱ्या बंद. तेव्हापासून पद्मजा कुठंही गेली की त्यांच्यासाठी प्रसाद घेऊन यायची. सत्यनारायणाचा शिरा असो, गणपतीचा मोदक असो, की गुरुद्वाऱ्याच्या लंगरवरून कुणी आणलेला कडा प्रसाद. सासरे तो कपाळाला लावून खात आणि म्हणत, "चला, आपली हजेरी लागली." प्रसादाला नाही म्हणायचं नाही आणि एकट्यानं खायचा नाही, हे तिच्या अंगातच मुरलेलं.

बाकांवरून लोक रांगेनं उठले, तशी तीही उठली. दोन रांगा होत्या. एकीच्या टोकाला फादर, दुसरीच्या टोकाला एक सिस्टर. ती सिस्टरच्या रांगेत लागली. पुढचे लोक कसा हात धरतात हे तिनं नीट पाहून ठेवलं होतं: उजव्यावर डावा तळवा.

"ख्रीस्त का शरीर," सिस्टर म्हणाली.

पुढचे सगळे 'आमेन' म्हणाले होते, म्हणून तीही म्हणाली, "आमेन."

तळहातावर शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी, कागदासारखी हलकी चकती पडली. बाकीचे तिथल्या तिथं तोंडात टाकत होते. तिनं मूठ मिटली आणि वळली.

"बहन, यहीं ग्रहण कीजिए," सिस्टर हळूच म्हणाली.

"जी, जी," पद्मजा म्हणाली आणि मागच्यांना अडथळा नको म्हणून झपाझप जागेवर आली. पर्समधून धुतलेला रुमाल काढला, चकती त्यात ठेवली, चार घड्या घातल्या आणि पर्सची चेन ओढली. बाबा खूश होणार.

गाणं संपलं. सगळे डोळे मिटून गप्प बसले. त्या शांततेत तिच्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं. पाहते तो तीच सिस्टर. सावळी, ठेंगणी, चाळिशीची असेल.

"दीदी," ती कुजबुजली, "वह... आपने मुँह में ले लिया न?"

"नहीं सिस्टर जी, घर ले जा रही हूँ. ससुर जी के लिए. चल नहीं पाते बेचारे."

सिस्टरचा चेहरा रागावला नाही. पण तिचा रंग उतरला, जसा कुणाचं बाळ जिन्यावरून पडताना पाहिलं की उतरतो. तिनं पर्सकडे पाहिलं, मग पद्मजाकडे. "आप कैथोलिक नहीं हैं?"

"नहीं जी. हम महाराष्ट्रियन हैं."

सिस्टरनं एक क्षण डोळे मिटले. त्यात हसू होतं की प्रार्थना, ते पद्मजाला कळलं नाही. "मिस्सा होने दीजिए. फिर मेरे साथ आइए. पर्स खोलिएगा मत."

शेवटची दहा मिनिटं पद्मजाला काही ऐकू आलं नाही. पर्स मांडीवर होती आणि ती तिला कुकरइतकी जड वाटत होती. आपण काहीतरी केलंय, पण काय केलंय? प्रसादच तर घेतला.

आशीर्वाद झाला, लोक बाहेर पडले. वेदीच्या मागं एक छोटी खोली होती, तिथं फादर वरचा झगा उतरवून ठेवत होते. सिस्टरनं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ते पद्मजाकडे वळले आणि म्हणाले, "बैठिए. पानी पिएँगी?"

तिला रडूच आलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मुझसे गलती हो गई क्या, फादर?"

"आपको किसी ने बताया नहीं था, यह हमारी भी गलती है," ते म्हणाले. मग समजावून सांगितलं. हा वाटून खायचा, घरी न्यायचा प्रसाद नाही. मिस्सात या भाकरीवर प्रार्थना झाली की ती आमच्यासाठी भाकर राहत नाही, खूणही राहत नाही. ते स्वतः प्रभू येशू. म्हणून ज्यांचा तसा विश्वास आहे आणि जे तयारीनं आलेत, तेच घेतात. आजाऱ्याच्या घरीही जातं, पण नेमलेला माणूसच घेऊन जातो, त्यासाठीच्या डबीत. "पर्स में नहीं," असं म्हणताना ते थोडंसं हसले.

पद्मजानं रुमाल काढून टेबलावर ठेवला. फादरनी आधी त्याखाली एक पांढरं कापड अंथरलं. मग रुमाल उघडला. चकतीचा काठ तुटला होता. त्यांनी ती उचलून काचेच्या एका छोट्या झाकणाच्या वाटीत पाण्यात सोडली. मग रुमाल त्या वाटीवर धरून बोटानं हळूहळू झटकला, एकेक कण. मग रुमालाचा तो कोपरा त्याच पाण्यात बुडवून स्वतःच्या हातानं चोळला. सिस्टर हात जोडून उभी होती.

"दो-चार दिन में पूरा घुल जाएगा," फादर म्हणाले, "फिर यह पानी मिट्टी में जाएगा. नाली में नहीं." आणि रुमाल पिळून तिला परत दिला. "यह आपका."

ओला रुमाल हातात घेऊन पद्मजा बसस्टॉपवर उभी राहिली. घरी आली तेव्हा रत्नाकरराव व्हरांड्यात खुर्ची टाकून वाटच पाहत होते.

"काय आणलं?"

"काही नाही दिलं, बाबा," ती म्हणाली. तिला खोटं बोलताना सासऱ्यांकडे पाहता आलं नाही.

दुपारी तिनं दैनिकी लिहिली. चर्चची उंची, काचेची खिडकी, भजन, ढोलकी. 'अंत में प्रसाद बाँटा गया. मन को असीम शांति मिली. सभी धर्म एक ही सत्य की ओर ले जाते हैं.' सुबक अक्षरात तीन पानं. सोमवारी देऊन टाकली.

शुक्रवारी गौरांग सर वह्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "चौतीस में से इकतीस लोगों को असीम शांति मिली है. मैं तो जबलपुर के लिए बहुत खुश हूँ."

वर्ग हसला. प्रणालीनं मान खाली घातली.

पद्मजानं आपली वही उघडली. लाल शाईत तीनच शेरे होते. 'असीम शांति'च्या शेजारी: 'कब? किस मिनट में?' 'सभी धर्म एक'च्या शेजारी: 'आपने क्या देखा, जिससे यह पता चला?' आणि 'प्रसाद बाँटा गया'च्या शेजारी नुसतं: 'आपने लिया?'

तास संपल्यावर ती सरांच्या टेबलाशी गेली. "सर, वो... तीसरा वाला सवाल."

"हाँ?"

तिनं सगळं सांगितलं. रांग, रुमाल, पर्स, वाटी. फोन न करता केलेल्या खुणांसकट. सर हसले नाहीत. ऐकून झाल्यावर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "इतना सब हुआ, और आपने खिड़की के काँच पर आधा पन्ना लिखा?"

"सर, शरम आई."

"तो वहीं से शुरू कीजिए. पहला मसौदा मराठी में लिखिए, घर में जैसे बोलती हैं. फिर हिंदी कर लीजिएगा. और एक बात, जिनके बारे में लिख रही हैं उनसे पूछ लीजिए कि लिखें या नहीं. नाम तो वैसे भी नहीं आएगा."

"और जो झूठा टिक लगाया, सर?"

"उसके नंबर कटेंगे," सर म्हणाले. "उसके बारे में लिखेंगी, तो उसके मिलेंगे."

त्या संध्याकाळी कणीक मळून झाकून ठेवली आणि पद्मजा स्वयंपाकघरातच पाटावर वही घेऊन बसली. पहिली दोन वाक्यं चारदा खोडली. मग हात चालू लागला.

'मी फोन केला नाही आणि केला अशी खूण केली. कारण मला वाटलं, मला विचारायची गरज नाही. टिकल्या दिसल्या, ढोलकी दिसली, पदर दिसले, मी म्हटलं सगळं आपल्यासारखंच आहे. प्रसाद हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं बंद झालं. सिस्टर "इथंच घ्या" म्हणाल्या, ते ऐकूनही मी ऐकलं नाही. मला माहीत आहे असं मला वाटत होतं, म्हणून.

'लाज कधी वाटली? त्या मला बोलल्या तेव्हा नाही. फादरनी माझा रुमाल धुतला तेव्हा. माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात मला काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं.

'खरं लिहायचं तर मनाचा एक भाग अजूनही म्हणतो, घरी नेलं असतं तर बाबांनी कपाळाला लावूनच खाल्लं असतं, त्यात वाईट काय? पण त्यांचं काय दुखावलं, हे मी कशी ठरवणार?

'लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली. सराव पाठाच्या शाळेत वसंत पंचमीला मी सातवीत पेढे वाटले. एका मुलीनं घेतला नाही. मी म्हटलं, अरे ले लो बेटा, प्रसाद को ना नहीं करते. सगळा वर्ग पाहत होता. तिनं घेतला आणि पूर्ण तास मुठीत धरून बसली. तास संपला तेव्हा तिचा हात चिकट झाला होता. मला वाटलं, लाजाळू आहे. मला तिला विचारावंसं वाटलं नाही की तुला चालतं का. पुढच्या वेळी मी ताट टेबलावर ठेवीन. ज्याला हवं तो घेईल. आणि कुणी नाही घेतलं तर मी त्याच्याकडे पाहणार नाही.'

इथं ती थांबली. डोळे पुसले, हाताला कणीक लागलेली होती ती गालाला लागली. त्या पोरीचा चेहरा तिला नीट आठवत होता. दोन वेण्या, डावीकडची सैल.

दुसऱ्या दिवशी तिनं चर्चच्या ऑफिसात फोन लावला आणि सिस्टरला बोलवायला सांगितलं. ओळख सांगताच पलीकडून आवाज आला, "अरे, रुमाल वाली दीदी!"

पद्मजानं वाचून दाखवलं, अडखळत, हिंदी करत करत. सिस्टर मध्ये दोनदा मोठ्यानं हसली. पेढ्याची जागा तिनं पुन्हा वाचायला सांगितली. शेवटी म्हणाली, "लिखिए, जरूर लिखिए. बस दो बात. आपने लिखा 'रोटी को पानी में डाल दिया'. डाला नहीं, रखा. और दूसरी, मैंने आपको पहले रोका नहीं, मुझे रोकना चाहिए था. उस रात मैंने फादर से यही कहा. यह भी लिख दीजिए."

"आपकी गलती मैं कैसे लिखूँ, सिस्टर?"

"मैं बोल रही हूँ न!"

आता एकच काम राहिलं होतं. रत्नाकरराव दुपारचा चहा घेत होते. पद्मजा समोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलली. दिलं होतं. मी परत करून आली."

"परत? प्रसाद कोणी परत करते का?"

"ऐका तर."

तिनं पहिल्यापासून वाचलं. पर्सच्या जागी ते "हात्तिच्या!" म्हणाले. रुमालाच्या जागी कप खाली ठेवला. वाचून झाल्यावर उरलेला चहा बशीत ओतला.

"फॅक्टरीत माझ्या शेजारच्या मशीनवर एक फिलिप होता," ते म्हणाले. "बावीस वर्षं. दर नाताळाले केक आणे. दिवाळीले मी त्याले चिवडा देत होतो. तो म्हणे, रत्नाकर, एक बार आओ न चर्च. मी म्हणे, अरे सब एकही है, क्या आना. बावीस वर्षं हेच सांगितलं त्याले. जायले पाहिजे होतं एकदा."

"कुठं असतात ते आता?"

"गेला. कोविडच्या आधीच." मग त्यांनी चष्मा पुसला आणि आवाज एकदम बदलून म्हणाले, "पण हे काय लिहिलं, 'एक वृद्ध नातेवाईक'? कोण वृद्ध नातेवाईक?"

"तुम्हीच बाबा. नाव लिहायचं नसतं. नियम आहे."

"काहून? मी काय चोरी केली? रत्नाकर ठाकरे लिही. एवढा सगळा गोंधळ माझ्यापायी झाला अन् माझंच नाव नाही?"

"गुण कापतात सर."

"किती कापतात?"

"दोन."

रत्नाकरराव विचारात पडले. बशीतला उरलेला चहा प्यायले. "वृद्ध तरी काढ," ते शेवटी म्हणाले. "नुसतं नातेवाईक ठेव."

पद्मजानं पेन उघडलं आणि 'वृद्ध' वर आडवी रेघ मारली.